दहा इंची पिंजऱ्यावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया:
«बटेरपालनावरचा तुमचा लेख वाचला. दहा इंच उंचीच्या पिंजऱ्यात पक्षी कोंबायला सांगणं म्हणजे निव्वळ क्रौर्य. आणि एका चौरस फुटात पाच पक्षी? मी चार फूट बाय दोन फुटाचा, दोन फूट उंच पिंजरा केलाय, त्यात चाळीस पक्षी मजेत आहेत. तीनचार सकाळी मेलेले सापडले, एकाच्या डोक्याला रक्त होतं, पण ते खाद्याचं असणार. मी कोंबडीचं लेयर खाद्य घालतो, तुम्ही उगाच भीती घालता. शिवाय वास किती येतो ते तुम्ही लिहीतच नाही. इकडचं तिकडचं वाचून लिहिण्यापेक्षा आधी चार पक्षी पाळून बघा.»

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच जास्त लागलं. मी पाळलेले पक्षी चार नाहीत. माझ्याकडे बटेर आहेत आणि ते वर्षानुवर्षं आहेत. त्यांचं खाणंपाणी, अंडी गोळा करणं, पिल्लं उबवणं, आजारी पक्षी वेगळा काढणं हे सगळं मी स्वतः करतो. टाळूची कातडी सोलून निघालेली मादी हातात धरून तिची जखम पोव्हिडोन आयोडीनने पुसायची, मग तिला अंधाऱ्या खोक्यात एकटीला ठेवायचं आणि कातडी धरेपर्यंत रोज झाकण उघडून बघायचं, हे काम वाचून येत नाही. मतभेद असू द्या, लेखातली चूक दाखवा, त्याला माझी हरकत नाही. पण ज्या माणसाची कधी भेट नाही, त्याने काय पाळलं आणि काय नाही हे परस्पर ठरवून टाकणं मला पटत नाही. ‘कोंबायला सांगणं’ हेही मी कुठे लिहिलेलं नाही.

आता क्रौर्याचं.

बटेर हा जमिनीवरचा पक्षी आहे. तो फांदीवर बसत नाही, दांडीवर झोपत नाही, वरच्या कप्प्यात जात नाही. त्याचं खाणं, अंडी घालणं, धुळीत अंग घोळवणं सगळं पायाखालच्या जागेवर चालतं. मान ताणून सावध उभा राहिला तरी त्याचं डोकं दहा इंचांच्या, म्हणजे साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या, छताला टेकत नाही. म्हणजे डोक्यावरची उंची त्याच्या रोजच्या जगण्यात वापरातच येत नाही. ती वापरात येते फक्त एका प्रसंगी, आणि त्याच प्रसंगी ती जीव घेते.

बटेर दचकला की तो पळत नाही, सरळ वर उसळतो. छातीचे स्नायू एका झटक्यात पूर्ण जोर लावतात आणि पक्षी उभ्या रेषेत वर जातो. मोकळ्या गवतात शिकाऱ्यापासून सुटायला हीच युक्ती कामी येते. पिंजऱ्यात वर छत असतं. छत दहा इंचांवर असेल तर वेग धरायला जागाच मिळत नाही, डोकं टेकतं आणि पक्षी खाली बसतो. छत दोन फुटांवर असेल तर तेवढ्या अंतरात तो पूर्ण वेग घेतो आणि तारेवर टाळू आपटतो. कातडी फाटते, कधी मान जागीच मोडते. म्हणून जाणकार दोनच उंच्या सांगतात: एक तर वीस ते पंचवीस सेंटिमीटर, नाहीतर माणूस आत उभा राहील एवढं उंच आवार आणि वर मऊ, सैल जाळी. मधली उंची सर्वांत वाईट. तुमचा पिंजरा नेमका त्या मधल्या उंचीचा आहे. माझी पंचवीस सेंटिमीटरची शिफारस पक्ष्याला कमी देण्यासाठी नव्हती, तो वाचावा म्हणून होती. त्याला क्रौर्य म्हणण्याआधी ती का आहे एवढं तरी विचारायचं होतं.

तुमचे तीनचार पक्षी सकाळी मेलेले सापडले आणि एकाच्या डोक्याला रक्त होतं. याचा अर्थ लावायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या वेळी मेलेला पक्षी फेकण्याआधी हातात घ्या. छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवा. दोन्ही बाजूंचं मांस भरलेलं असेल, गळ्याखालच्या पिशवीत दाणा असेल, शेपटीखालची पिसं कोरडी आणि स्वच्छ असतील, तर तो पक्षी रात्री जेवून झोपलेला धडधाकट पक्षी होता. खाद्यातल्या उणिवेने मरणारा पक्षी असा जात नाही. तो आठवडेच्या आठवडे वाळतो आणि छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागतं. आतड्याच्या रोगाने गेलेल्याची मागची पिसं बहुधा विष्ठेने माखलेली असतात आणि मरण्याआधी तो बहुतेक वेळा पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेला दिसतो.

मग जखम बघा. एकमेकांना टोचून झालेली जखम बहुधा डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेवर किंवा पाठीवर असते, भोवतीची पिसं उपटलेली किंवा खुंटलेली असतात, आणि तशी पिसं गेलेले आणखी पक्षीही कळपात दिसतात. आपटून झालेली जखम बरोबर टाळूवर असते. कातडी सोललेली, भोवतीची पिसं मात्र जागच्या जागी. आणि सर्वांत खात्रीचा पुरावा पक्ष्यावर नाही, छतावर मिळतो. बॅटरी घेऊन छताची जाळी आतून, खालच्या बाजूने बघा. तारेला चिकटलेलं वाळकं रक्त आणि त्यात अडकलेलं कपाळावरचं बारीक पीस दिसलं तर पुढे वादच राहत नाही. मी असं पीस चिमट्याने काढून तळहातावर घेतलंय. नखापेक्षा लहान असतं आणि त्याला कातडीचा पापुद्रा तसाच चिकटलेला असतो.

रात्रीच का, हेही सांगतो. उंदीर जाळीवरून गेला, मांजर छतावर उतरलं, कुणी अचानक दिवा लावला, की अंधारात एक उसळतो आणि त्याच्या आवाजाने बाकीचे उसळतात. अंडी देणाऱ्या माद्यांना दिवसाचा उजेड धरून चौदा ते सोळा तास प्रकाश लागतो, म्हणून आपण संध्याकाळी दिवा ठेवतो. पण तो खटकन बंद केला तरी हेच होतं. मोठा दिवा बंद होण्याआधी एक मंद दिवा सुरू ठेवा आणि तो थोड्या वेळाने घालवा, म्हणजे पक्षी खाली बसलेले असतात.

तुम्हाला पिंजरा मोडायची गरज नाही. तळापासून पंचवीस सेंटिमीटरवर आतून शेडनेट किंवा जाड कापड बांधा, थोडं सैल, म्हणजे डोकं लागलं तर ते वर दबेल. कडेच्या तारांची कापलेली टोकं बाहेर वळवा. एका संध्याकाळचं काम आहे.

जागेच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करतो. नर आणि माद्या एकत्र असतील तर चौरस फुटाला चारच धरणं बरं, हे लेखात वेगळं लिहायला हवं होतं. पण तुमचं गणित तुम्हीच बघा. चार बाय दोन म्हणजे आठ चौरस फूट, त्यात चाळीस पक्षी, म्हणजे चौरस फुटाला बरोबर पाच. ज्या आकड्यावर तुम्ही मला बोल लावलात तोच तुमच्या पिंजऱ्यात आहे, आणि खाद्याचं भांडं आत असेल तर त्याहून दाट. उंची वाढवल्याने जागा वाढली असं वाटतं, पण जमिनीवरच्या पक्ष्यासाठी ती वाढलेली नसते.

तुम्हाला खाण्याची अंडी हवी असतील तर नरांची गरजच नाही, मादी नराशिवाय अंडी देते. तिसऱ्या आठवड्यात छातीची पिसं बघा. नराची छाती तांबूस, एकरंगी होते. मादीची फिकट आणि त्यावर काळे ठिपके राहतात. पांढऱ्या किंवा एकरंगी जातींत हे जमत नाही, तिथे नर वयात येईपर्यंत थांबावं लागतं. समजा, चाळीसात दहा नर निघाले. ते वेगळे काढून पाचव्यासहाव्या आठवड्यात मांसासाठी वापरले, तर त्याच तळावर तीस माद्या उरतात आणि प्रत्येकीला जवळपास अडीचशे चौरस सेंटिमीटर मिळतात. नर गेले की माद्यांच्या मानेवरची उपटलेली पिसंही परत येऊ लागतात, कारण नर चढताना तिथेच चोचीने धरतो. पिल्लं काढायची असतील तरच तीन माद्यांमागे एक नर ठेवा.

खाद्याची मी भीती घातलेली नाही. कोंबडीच्या लेयर खाद्यात प्रथिनं सोळा ते अठरा टक्क्यांच्या आसपास असतात, अंड्यावरच्या बटेर मादीला वीसच्या आसपास लागतात, आणि वाढत्या पिल्लाला त्याहून बरीच जास्त, चोवीसच्या पुढे. मोठ्या माद्या लेयर खाद्यावर मरणार नाहीत. अंडी लहान पडतील, कमी पडतील, पिसं खाण्याची सवय लागेल. पिल्लांना मात्र ते देऊ नका. त्यातलं कॅल्शियम अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या हिशेबाचं असतं आणि कोवळ्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. ब्रॉयलर स्टार्टर बारीक करून द्या, आणि अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. मोठा पक्षी दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅम खातो. तीस माद्यांना पाऊण किलोपेक्षा जास्त लागत असेल तर उरलेलं खाली सांडतंय असं समजा आणि भांडं एक तृतीयांशच भरा. ते चोचीने खाद्य बाजूला उडवतात.

वासाबद्दल एवढंच: खालचा ट्रे दर दोनतीन दिवसांनी रिकामा केला आणि पाण्याचं भांडं गळत नसेल तर वास बसत नाही. डोळ्यांना झोंबेल एवढा अमोनिया साठला असेल तर पक्ष्यांना तो आपल्याआधी लागलेला असतो, त्यामुळे ते काम उद्यावर टाकू नका. पण त्याआधी आज रात्री कापड बांधा.