सहा खाडे

मे महिन्यात आम्ही पुण्याला बहिणीकडे जायचं ठरवलं, तिकिटं काढली, आणि मग सर्वात अवघड काम राहिलं, आप्पांना दूध बंद सांगायचं.

आप्पा जळगावजवळच्या खेड्यावरून मोटारसायकलला कॅन लावून सकाळी सहाला येतात, आमचा रतीब दीड लिटर, म्हशीचं, 70 रुपयांनी. आदल्या दिवशी त्यांना दारातच गाठलं आणि म्हटलं, "आप्पा, बारा ते अठरा बंद ठेवा."

"कोठे जाई राहिनात भाऊ?" मग पुण्याची हवा, बहिणीची पोरं, पुण्याचं पातळ दूध, सगळं झालं. शेवटी त्यांनी कामाचं विचारलं, "खाडे किती धरू?" कारण म्हशीला काही सुट्टी नसते, आमचं दीड लिटर तितके दिवस डेअरीला घालावं लागतं आणि तिथं फॅट बघून भाव कमी देतात.

मी बोटं मोजली. बाराला गाडी दुपारची, म्हणजे सकाळचं दूध पाहिजेच. अठराला रात्री उशिरा परत, म्हणजे अठराचं नको. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. "सहा," मी म्हटलं. "हाव," आप्पा म्हणाले आणि डायरीत लिहून घेतलं.

बारा तारखेला सहा वाजले, सात वाजले, आप्पा नाहीत. बायकोनं कोरा चहा पुढे ठेवला आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं. अठराला रात्री साडेअकराला घरी आलो तर जिन्यातच वास. दाराच्या कडीला दीड लिटरची पिशवी लटकलेली, सकाळपासून, जळगावच्या मे महिन्यात. दूध, दही, पनीर या सगळ्या अवस्था ओलांडून ते पुढे कुठंतरी पोचलेलं होतं.

महिनाअखेर आप्पांशी भांडायचं म्हणून कॅलेंडर घेऊन बसलो. त्यांनी शांतपणे डायरी उघडली. बारापासून बंद, खाडे सहा: बारा ते सतरा. अठराला चालू. 31 मधून 6 गेले, 25 दिवस, साडेसदतीस लिटर, 2625 रुपये. माझ्या कॅलेंडरवर तेरा ते अठरा, तेही सहाच, रक्कम तीच, एक रुपयाचा फरक नाही! हिशोब इतका बरोबर की भांडायला जागाच नाही, फक्त चहा गेला आणि कडीचा वास पुढं चार दिवस राहिला.

आता मी "अमुक ते तमुक बंद" म्हणतच नाही. "शेवटचं दूध बाराला सकाळी, पुढचं एकोणीसला सकाळी," असं सांगतो आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतो. एकोणीसातून बारा गेले सात, त्यातला एक वजा, खाडे सहा. आप्पांनाही ही पद्धत फार आवडली.

काल तेच म्हणाले, "भाऊ, साल्याचं लगन शे, परवापासून सोमवारपर्यंत मी नाही."

"म्हणजे सोमवारी येता का नाही?"

"हाव," म्हणाले आणि किक मारली.