किल्लारीचा ६.२ आणि तुमची कपबशी

प्रतिक्रिया: लेख छान सजवलाय. पण किल्लारीला ६.२ रिश्टर म्हणता, मग लातुरात आमची कपबशीसुद्धा फुटली नाही, इथं काय २ रिश्टर होता? आणि भूकंप प्लेटांच्या सीमेवरच होतात म्हणे, किल्लारीला कुठली सीमा? गूगल वाचून लातूरकरांना शिकवू नका.

दादा,

१९९३ला मी सहावीत होतो. गाव किल्लारीहून सायकलवर तासाभराचं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून झोपलो आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या आत, आज्जीच्या खोलीची भिंत अंगणात आली. तेव्हा गूगल नव्हतं.

‘सीमेवरच’ मधला ‘च’ चुकला, मान्य. बहुतेक भूकंप सीमेवर होतात, कारण प्लेटा वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात, पण कडा घर्षणानं एकमेकींत अडकतात. ताण साठत जातो, खडकाला तो सोसेनासा झाला की कडा एकदम सटकते. आपली प्लेट तिकडे हिमालयात आशियाला रेटते आहे. तो दाब सगळ्या प्लेटभर पोचतो, आणि आत एखादी जुनी भेग असली की तिथंही खडक सटकतो. किल्लारीला तसंच झालं. झाली तुमची सीमा.

आता कपबशी. घोळ आपल्या पेपरांनी घातलाय, ‘६.२ तीव्रतेचा भूकंप’ छापून. ६.२ ही तीव्रता नाहीच, ते परिमाण आहे. खडक किती लांबीरुंदीत फुटला आणि किती सरकला, त्याचा हिशेब. तो अख्ख्या भूकंपाला एकच असतो, किल्लारीला ६.२, लातूरलाही ६.२ आणि पुण्यालाही. तीव्रता म्हणजे तुमच्या दारात जमीन किती हलली. ती रोमन अंकात सांगतात आणि गावागणिक बदलते. विसर्जनाच्या डीजेचे वॅट एकच, पण मंडपाशेजारी काचा थरथरतात आणि दोन गल्ल्या पलीकडे माणूस झोपलेला असतो.

किल्लारीत ती आठवर गेली, कारण खडक गावाखाली जेमतेम काही किलोमीटरवर फुटला. वरून आमची घरं: मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाड भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेला, आणि माथ्यावर माळवदाची टनावारी माती. लाकडी खणांवर छत तोललेली घरं कित्येक ठिकाणी उभी राहिली, भिंती मात्र सुटल्या. याउलट २०१५च्या ऑक्टोबरात हिंदुकुशात ७.५ झाला. ऊर्जा किल्लारीच्या नव्वदपट, पण दोनशे किलोमीटर खोल. मेले चारशेच्या आसपास, आपल्याकडे हजारो.

लातूर किल्लारीपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. वाटेत लाटा पसरतात आणि विरतात. तुमची कपबशी वाचली ती एवढ्यानं, २ रिश्टरनं नव्हे.

‘सजवलाय’चं उत्तर देत नाही. आज्जीच्या खोलीची भिंत आम्ही नंतर विटांची बांधली, कधी आलात तर दाखवीन.