दर मंगळवारची मीटिंग एकदाच हलवायचीये? मग अख्खी सिरीजच हलवा ना!

तर समजा दर मंगळवारी सकाळी १० ते १०:३० अशी तुमची एक मीटिंग आहे. ७ जानेवारी २०२५ पासून चालू, शेवटची तारीख कुणी टाकलेली नाही, त्यामुळे ती सूर्य विझेपर्यंत चालणार. चौदा माणसं आहेत आणि आयोजक तुम्ही, म्हणजे सगळी सत्ता तुमच्या हातात. ६ मेच्या मंगळवारी १० वाजता तुम्हाला दुसरं काम निघालं, फक्त त्या दिवशी मीटिंग ११ ला घ्यायचीये, बस एवढंच.

तुम्ही कॅलेंडरात ६ मेवर डबल क्लिक करता आणि जुनं डेस्कटॉप आउटलुक तुम्हाला एक छोटी खिडकी दाखवतं. त्यात दोन पर्याय, `Just this one` आणि `The entire series`. पहिल्यावर आधीच टिंब असतं. म्हणजे काहीही न वाचता नुसतं एंटर दाबलं असतं तरी तुम्ही वाचला असता. पण आपण काय असेतसे लोक आहोत का? आपण विचार करून खालचा पर्याय निवडायचा. "सिरीज उघडली तर सगळी माहिती नीट दिसेल" हा विचार फार पोक्त वाटतो, तोच करा.

आता उघडलेल्या खिडकीच्या वरच्या पट्टीवर `Meeting Series` असं लिहिलेलं असतं, एकच दिवस उघडला असता तर तिथे `Meeting Occurrence` आलं असतं. ही पट्टी वाचायची नाही, पट्ट्या काय वाचायला असतात का. आणि सिरीज उघडली की वेळ बदलायला `Recurrence` नावाच्या बटणातून जावं लागतं, तिथे सुरुवातीची तारीख ६ मे नाही तर ७ जानेवारी दिसते. खरं तर इथे कुणालाही शंका यायला हवी की अरे, मी मे महिन्यावर क्लिक केलं होतं, जानेवारी कुठून आला. तुम्हाला ती शंका आलीच तर पाणी पिऊन या. १० चे ११ करा आणि ओके दाबा.

ओके दाबलं की एक इशारा येतो. या मीटिंगचे जे काही अपवाद आहेत ते नाहीसे होतील, अशा अर्थाचा. आता अपवाद म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. जानेवारीपासून मेपर्यंत तुम्ही दोन गोष्टी केल्या होत्या. १८ मार्चची मीटिंग उचलून बुधवारी १९ मार्चला दुपारी ४ ला ठेवली, आणि १ एप्रिलची रद्द केली. शिवाय १९ मार्चवाल्या मीटिंगच्या मजकुरात तुम्ही कोण काय करणार याची दोन पानी यादी लिहून ठेवली होती, जिच्यावरून अजून भांडणं चालू आहेत.

कॅलेंडरच्या पोटात हे सगळं काही वीस-बावीस वेगवेगळ्या मीटिंगा म्हणून ठेवलेलं नसतं. लोकांना वाटतं तसं, मलाही बरीच वर्षं वाटायचं. खरं तर एकच नोंद असते आणि तिच्यासोबत एक नियम, की दर मंगळवारी १० वाजता. बाकीचे मंगळवार त्या नियमावरून काढून दाखवलेले असतात. कॅलेंडरच्या फाइली एकमेकांना पाठवायचं जे प्रमाणित रूप आहे त्यात हे साधारण असं दिसतं:

```
BEGIN:VEVENT
UID:mangal-meeting
DTSTART:20250107T100000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU
EXDATE:20250401T100000
END:VEVENT
BEGIN:VEVENT
UID:mangal-meeting
RECURRENCE-ID:20250318T100000
DTSTART:20250319T160000
END:VEVENT
```

नमुना म्हणून काही ओळी गाळल्यात, पण मुद्दा दिसतोय ना? १ एप्रिल रद्द म्हणजे कुठेतरी एक मीटिंग पुसली असं नाही, तर नियमाला सांगितलंय की १ एप्रिलला १० वाजताची जी येईल ती धरू नकोस. आणि हलवलेली मीटिंग स्वतःला कशी ओळखते, तर "मी मूळची १८ मार्च १० वाजताची" अशी. तिचं गोत्र तिच्या मूळ वेळेत आहे. आता तुम्ही नियमच ११ चा केलात. मग १८ मार्चला १० वाजता अशी मीटिंग कधी नव्हतीच, आणि १ एप्रिलला १० वाजता वगळायला काही उरलंच नाही. अपवाद ज्या खुंटीला टांगले होते ती खुंटीच तुम्ही काढलीत. काही प्रोग्राम ते हिशेब जुळवून घ्यायचा प्रयत्न करतात, आउटलुक सरळ सांगतं की अपवाद जातील, आणि पाठवायचं बटण दाबलंत की ते जातात.

तर आता निकाल बघा. ६ मे ११ ला गेली, अभिनंदन. १३ मे, २० मे आणि पुढचे सगळे मंगळवारही ११ ला गेले. मागचे १७ मंगळवारसुद्धा ११ ला गेले, म्हणजे जानेवारीत ज्या मीटिंगला तुम्ही १० वाजता जांभया देत बसला होता ती आता कॅलेंडरच्या म्हणण्यानुसार ११ ला झाली होती, आणि तासांचा हिशेब कॅलेंडर बघून भरणाऱ्या माणसाला शुभेच्छा. १ एप्रिलची मेलेली मीटिंग उठून बसली. १९ मार्चची बुधवारची गेली, आणि तिच्यासोबत ती दोन पानी यादीपण. चौदा जणांना मेल गेली, त्यांनी पूर्वी दिलेला होकार पुसला गेला कारण वेळ बदलली की पुन्हा विचारलं जातं, आणि त्यातले तिघं पुढचा महिनाभर उत्तर देणार नाहीत.

इथे घाबरून जायचं नाही. लगेच दुसरी पायरी, सिरीज परत उघडा आणि ११ चे १० करा. चौदा जणांना दुसरी मेल. वेळ परत १० झाली, पण अपवाद काही परत येत नाहीत, कारण ते नाहीसे झालेत, लपलेले नाहीत. १ एप्रिल जिवंतच राहते. मग कुणीतरी सभ्यपणे विचारतं की नक्की काय चाललंय, तेव्हा "सिस्टीमचा काहीतरी प्रॉब्लेम आहे" असं लिहायचं, हे वाक्य पाठच करून ठेवा.

आता तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल की मला ६ मेपासून पुढचे सगळेच मंगळवार ११ ला हवे असतील तर? हां, हा प्रश्न खरा आहे, आणि याचं उत्तर वरच्या दोन्ही पर्यायांत नाही. गूगल कॅलेंडरमध्ये मधला एक पर्याय असतो, `This and following events`. तो निवडला की जुनी सिरीज २९ एप्रिलला संपवली जाते आणि ६ मेपासून नवी सिरीज जन्माला येते, मागचं मागे तसंच राहतं, यादीसकट. जुन्या आउटलुकात हा पर्याय नसेल तर तेच काम हाताने करायचं, म्हणजे सिरीजची शेवटची तारीख २९ एप्रिल टाकायची आणि ६ मेपासून ११ ची नवी मीटिंग बनवायची. पण जुन्या आवृत्त्यांत नुसती शेवटची तारीख बदलली तरी अपवाद जायचे, म्हणून ती १९ मार्चची यादी आधी दुसरीकडे चिकटवून ठेवावी लागते. एवढा खटाटोप कोण करणार, तुम्ही तर नाहीच.

मजेची गोष्ट म्हणजे कॅलेंडरच्या फाइलींच्या त्या प्रमाणित रूपाच्या १९९८ च्या जुन्या आवृत्तीत "हा दिवस आणि याच्या आधीचे सगळे" बदलायचीसुद्धा सोय होती. २००९ च्या नव्या आवृत्तीतून ती काढून टाकली. म्हणजे भूतकाळ बदलायची अधिकृत सोय गेली, आता ते काम तुमच्यासारख्या कष्टाळू माणसांवर आहे.

बरं, एखाद्याला अगदी सरळमार्गीच जायचं असेल आणि तो `Just this one` निवडेल, तर त्यालाही सुखाने जगू द्यायचं नाही. त्याला सांगा की ६ मेची मीटिंग बिनधास्त बुधवार १४ मेवर टाक. जुनं आउटलुक नाही म्हणेल, कारण मध्ये १३ मेची मीटिंग आहे आणि एका सिरीजमधली मीटिंग पुढच्या मीटिंगला ओलांडून जाऊ शकत नाही. रांगेत उभं राहायचं, पुढच्याला ढकलायचं नाही. यावर खरा उपाय म्हणजे ६ मेची तेवढी रद्द करायची आणि १४ मेला एकटीदुकटी नवी मीटिंग टाकायची. पण तो एव्हाना चिडून सिरीज उघडायच्या बेतात असतो, थांबवू नका.

आणि हो, आपण नुसते निमंत्रित असलो तरी आपल्यालाही संधी आहे. या मंगळवारी यायला जमणार नाही म्हणून ती मीटिंग डिलीट करायला जा, तोच प्रश्न येईल, खालचा पर्याय निवडा, आणि आयोजकाला नकार पाठवायचा का विचारलं तर नको म्हणा. तुमच्या कॅलेंडरातून सगळे मंगळवार गायब, आयोजकाच्या यादीत मात्र तुम्ही येणार म्हणून हजर. तीन आठवड्यांनी फोन येतो, "अहो, तुम्ही येताय ना, सगळे थांबलेत", तेव्हा तुम्ही मनापासून विचारता की कशाला.

एक खूण मात्र सांगून ठेवतो, चुकून कुणाच्या उपयोगी पडली तर माझा नाइलाज आहे. आउटलुकच्या कॅलेंडरात नेहमीच्या मीटिंगच्या कोपऱ्यात गोल फिरणाऱ्या बाणांचं चिन्ह असतं. ज्या दिवशी तुम्ही काही वेगळं केलं असेल त्या दिवशीच्या चिन्हावर आडवी रेघ असते. सिरीजची वेळ बदलायच्या आधी मागचे दोन-तीन महिने नुसते स्क्रोल करून या रेघा मोजल्या तर काय काय मरणार आहे ते आधीच कळतं. आणि नुसतं विषय किंवा मजकूर बदलायचा असेल, वेळेला आणि `Recurrence` ला हात लावायचा नसेल, तर सिरीज उघडली तरी अपवाद शाबूत राहतात. पण तुम्ही रेघा मोजत बसू नका, चौदा जण मेलची वाट बघतायत.