‘किमान रक्कम भरा आणि निश्चिंत राहा’

असा क्रेडिट कार्डाच्या बिलाबाबतचा मेसेज आज बँकेकडून माझ्या धाकट्या भावाला आला, आणि तो वाचल्यापासून माझा संताप शमलेला नाही. त्याने मागच्या महिन्यात नेमके तेच केले होते. ४०,००० रुपयांच्या बिलापैकी किमान देय रक्कम, म्हणजे पाच टक्क्यांप्रमाणे २,००० रुपये, त्याने २५ जूनला वेळेत भरली. व्याज महिना साडेतीन टक्के असल्यामुळे उरलेल्या ३८,००० वर १,३३० रुपये लागतील, असा त्याचा अंदाज होता. ५ जुलैच्या बिलात मात्र ३,०६८ रुपये व्याज आले. "ताई, बँकेची काहीतरी चूक आहे," असे तो म्हणाला, म्हणून मी स्वतः हिशेब मांडला.

बँकेची चूक नव्हती, आणि राग या गोष्टीचाच अधिक आला. पूर्ण बिल न भरल्यास व्याजमुक्त मुदत रद्द होते आणि व्याज बिलाच्या नव्हे, तर खरेदीच्या तारखेपासून दररोज मोजले जाते. ४०,०००चा फ्रिज त्याने घेतला १० मे रोजी, त्यामुळे २४ जूनपर्यंतचे ४६ दिवस पूर्ण ४०,००० वर वार्षिक ४२ टक्क्यांनी २,११७ रुपये झाले. पुढचे ११ दिवस ३८,००० वर ४८१ रुपये. या ११ दिवसांचे व्याज पंचवीस रुपयांनी जास्त लावले असते, तर भरलेले २,००० वजाच केले नाहीत असे समजून तक्रार करता आली असती, कारण भरणा वजा करूनच व्याज लावावे असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे.

उरलेले सुमारे ४७० रुपये कशाचे, हे शोधताना मला खरोखर वाईट वाटले. १२ जूनला त्याने एका परदेशी अभ्यासक्रमाची २०० डॉलर फी भरली होती, रुपयांत १७,०००. जुनी बाकी राहिल्यामुळे या नव्या खर्चालाही पहिल्या दिवसापासून २४ दिवसांचे व्याज लागले. शिवाय परकीय चलनाचे साडेतीन टक्के शुल्क ५९५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०७ रुपये. आणि व्याजावरचा जीएसटी ५५२ रुपये वेगळाच. शिकण्यासाठी धडपडणाऱ्या मुलाने २,००० रुपये भरले आणि त्याच्या डोक्यावर व्याज, शुल्क व कर मिळून ४,३२२ रुपये नव्याने चढले!

अटींच्या पत्रकात हे सारे छापलेले असते, हे मान्य. वेळेत किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क वाचते, हेही खरे. पण बिलावर व्याजाची एकच ओळ कशासाठी? कोणती रक्कम, किती दिवस आणि कोणता दर, एवढे तिच्याखाली छापायला बँकेला काय अडचण आहे? हा हिशेब तिच्या संगणकात असतोच. जोवर तो छापला जात नाही, तोवर किमान रक्कम भरून निश्चिंत राहण्याचे मेसेज तरी तिने पाठवू नयेत.