नत्र-पालाशचे आकडे उलटे टाकलेले नाहीत, भाऊ

«माती परीक्षणाचा तक्ता टाईप करून घेतला. नत्राच्या जागी पालाश आणि पालाशच्या जागी नत्र टाकलं. वरून उशीर. पैसे मात्र पूर्ण घेतले. कोणी जाऊ नका.» (१ स्टार)

नमस्कार भाऊ. उशीर झाला, ऐन पेरणीच्या घाईत तुम्हाला पुन्हा चक्कर पडली, त्याबद्दल माफी असावी. पण आकडे उलटे टाकले हे मान्य नाही. तालुक्यातली माणसं हे वाचून दुकानात येतात किंवा येत नाहीत, म्हणून इथंच सांगतो.

तुम्ही व्हॉट्सअपवर पाठवलेल्या फोटोत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब हे मथळे आडवे आहेत. त्यापुढे 'उपलब्ध, किलो प्रति हेक्टर' या एका मथळ्याखाली तीन अरुंद रकाने आहेत, आणि त्यांची नावं उभी, वरून खाली छापलेली आहेत. ती वाचायला तुम्ही फोटो घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवला असणार. तसं केलं की अक्षरं सरळ होतात, पण सगळ्यात उजवा रकाना वर येतो. वरून वाचत गेलं की पालाश, स्फुरद, नत्र. मग फोटो सरळ करून त्याच क्रमानं डावीकडून आकडे लावले, की तुमच्या पहिल्या ओळीतले १८८ पालाश होतात आणि ३९२ नत्र. मधलं स्फुरद, १४, दोन्हीकडून तेच राहतं, म्हणून घोळ ध्यानात येत नाही.

फोटो न फिरवता अक्षरांची शिरोरेषा बघा. ती उजव्या बाजूला असेल तर नाव वरून खाली लिहिलंय, आणि वाचायला फिरवलं की रकान्यांचा क्रम उलटतो. डाव्या बाजूला असेल तर नाव खालून वर जातं. ते घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं, आणि तिथं डावा रकाना वर येत असल्यानं क्रम बिघडत नाही. तुमच्या फोटोत ती उजवीकडेच आहे.

तेवढ्यावर आम्ही थांबलो नाही. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुतेक जास्त निघतं, पण अंदाजावर आम्ही टाईप करत नाही. शेवटचा शेऱ्याचा रकाना तुमच्या फोटोत कापला गेला होता. तो पुन्हा मागवला, उशीर झाला तो त्यातच. त्यात त्या ओळीसमोर 'नत्र कमी, पालाश भरपूर' लिहिलंय. हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तरच नत्र कमी धरतात. १८८ त्यात बसतं, ३९२ बसत नाही. तुमच्या सांगण्यावरून आकडे बदलून दिले असते, तर नत्र पुरेसं आहे समजून पऱ्हाटीला युरिया कमी पडला असता, आणि तेव्हाही बोट आमच्याकडंच आलं असतं.

मूळ कागद घेऊन या, समोर बसून ओळ न् ओळ मिळवून देतो, त्याचे पैसे नाहीत. पुढच्या तक्त्यांत मथळे आडवे टाईप करून द्यायचं बघतो. आणि जमलं तर तो एक स्टार तेवढा परत बघा, भाऊ.