खर्चावरचा कर म्हणे ऐच्छिक!

"मिळकतकर बंद करा आणि सगळ्या वस्तूंवर एकच १० टक्के कर लावा. दर सगळ्यांना सारखा, म्हणजे खरा न्याय. श्रीमंत जास्त खर्च करतो, तो आपोआप जास्त भरेल. आज गरीब काहीच भरत नाही, आणि कष्ट करून वरच्या टप्प्यात गेलेल्याच्या हातात उलट कमी पैसे उरतात. शिवाय खर्चावरचा कर ऐच्छिक असतो. परवडत नसेल तर खरेदी कमी करा, कर वाचला! पटलं तर पुढे पाठवा."

हे मला आत्याने पाठवलं. खाली लिहिलं होतं, "मला तर पटलं, तू बघ." बाकी कुणी पाठवलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण आत्या तुटपुंज्या पेन्शनवर राहते आणि महिनाअखेरीस तिच्याकडे काही उरत नाही. या योजनेत सगळ्यात जास्त भरडली जाणारी बाईच ती पुढे पाठवतेय म्हटल्यावर डोकं फिरलं.

टप्प्यांचं आधी उरकतो, कारण ती सरळसरळ चूक आहे. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यात गेलेल्या रकमेवर लागतो, सगळ्या मिळकतीवर नाही. ५०० पर्यंत कर नाही आणि त्यापुढे २० टक्के असा नियम असेल, तर ५१० मिळवणारा २ भरतो आणि ५०८ घरी नेतो. म्हणजे ५०० वाल्यापेक्षा जास्तच. एखादी सवलत किंवा अनुदान ठरावीक मिळकतीला एकदम बंद होत असेल तर हातातले पैसे खरंच कमी होऊ शकतात, हे मान्य. पण तो दोष त्या सवलतीच्या आखणीचा, टप्प्यांचा नव्हे. आणि गरीब काहीच भरत नाही म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं, की दुकानदार बिलात कर लावताना गिऱ्हाइकाची मिळकत विचारतो का?

आता "दर सारखा" बघू. चलन कुठलंही धरा. एका घराची महिन्याची मिळकत १०० आहे आणि ती सगळी खर्च होते. दुसऱ्या घराची १००० आहे. त्यातले ते ६०० खर्च करतात, ४०० बाजूला टाकतात. किमतीवर १० टक्के कर म्हणजे दुकानात दिलेल्या दर ११० मध्ये १० कराचे. या हिशोबाने पहिलं घर सुमारे ९ भरतं आणि दुसरं साधारण ५४.५. आकडा दुसऱ्याचा मोठा, हे अर्धसत्य मी देऊन टाकतो. पण मिळकतीशी लावून बघा: पहिल्याचे ९ टक्के गेले, दुसऱ्याचे साडेपाचही नाहीत.

कर प्रगतिशील, प्रमाणशीर की प्रतिगामी हे छापलेल्या दरावरून ठरत नाही. मिळकत वाढते तसा तिच्यातला कराचा वाटा वाढला तर प्रगतिशील, तेवढाच राहिला तर प्रमाणशीर, घटला तर प्रतिगामी. दुकानात प्रमाणशीर दिसणारा कर घरी पोचेपर्यंत प्रतिगामी होतो, कारण मिळकत वाढते तसा तिच्यातला खर्चाचा वाटा घटतो. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही: आज साठवलेले पैसे कधीतरी खर्च होणारच, तेव्हा कर लागेलच. आयुष्यभराचा हिशोब मांडला तर ही दरी कमी होते खरी. पण ज्याच्याकडे साठवायलाच काही नाही, त्याचा कर मात्र दर महिन्याला रोख जातो.

राहिलं ते "ऐच्छिक". माझा खरा राग याच शब्दावर आहे.

आत्या एका वहीत खर्च लिहिते. पानावर मधोमध रेघ. डावीकडे "लागणारच", उजवीकडे "बघू". डावीकडे जेवण, भाडं, वीज, रोजच्या गोळ्या. उजवीकडे चष्म्याचा नंबर, दाताचं काम, फाटलेल्या चपला. आता १०० मिळकतीच्या त्या घराकडे परत या. त्यांचे ६० "लागणारच" मध्ये जातात, ४० "बघू" साठी उरतात. कर लागला की ६० चं सामान ६६ ला येतं. त्यात कपात करता येत नाही, म्हणून तर ते डावीकडे आहे. उरले ३४. त्यावरही कर आहेच, म्हणजे त्यात जुन्या भावाचं जेमतेम ३१ चं काम होतं. ४० चे ३१. कर म्हणायला १० टक्के, पण उजवीकडची बाजू जवळजवळ पाव भागाने आखडली. परवडत नसेल तर खरेदी कमी करा म्हणजे प्रत्यक्षात काय, तर चष्मा पुढच्या वर्षी. १००० वाल्यांनी तेच सगळं पूर्वीइतकंच घेतलं तरी साठवणूक थोडी कमी होते, बस्स.

ही माझ्या मनाची गणितं नाहीत. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांचा सुमारे ७१ टक्के खर्च निव्वळ अन्नावर होत होता. मदतीविना कसंबसं भागवणाऱ्यांचा ६७, आणि त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्यांचा ६२. लक्षात घ्या, ही तिन्ही कामगारांचीच घरं, यात गडगंज कुणी नाही. मिळकत वाढते तसा तिच्यातला अन्नाचा वाटा घटतो, याला तेव्हापासून एंगेलचा नियम म्हणतात आणि देशोदेशीच्या खर्चाच्या पाहण्यांत तो पुन्हा पुन्हा दिसत आला आहे. दसपट मिळकतीचा माणूस दसपट मीठ खात नाही. जुन्या राजवटी मिठावर कर लावत त्याचं कारणही हेच: भाव वाढला तरी माणूस मीठ सोडत नाही, वसुली पक्की. खप हलत नाही म्हणून विक्रेताही कर स्वतःच्या अंगावर न घेता भावात घालून मोकळा होतो.

मग गरजेच्या वस्तू वगळल्या की झालं? इथे मला थोडं मागे यावं लागतं. १००० वाल्यांच्या "लागणारच" चा खर्च १५० धरा. सूट दिली तर गरीब घराचे ६ वाचतात आणि त्यांचे १५. म्हणजे मोठी रक्कम पुन्हा वरच. म्हणून काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, सरसकट कर लावा आणि आलेल्या पैशातून गरीब घरांना रोख परत द्या. यात तथ्य आहे, पण परत देण्याबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

शेवटी मिळकतकर बंद केल्यावर काय होतं तेही मांडून आत्याला पाठवलं. वस्तीत १०० ची नऊ घरं आणि १००० चं एक. २०० पर्यंत माफी आणि पुढे १० टक्के मिळकतकर असेल तर नऊ घरांना शून्य, मोठ्या घराला ८०. आता हेच ८० खर्चावरून गोळा करायचे. नऊ घरांचा खर्च ९००, एकाचा ६००, एकूण १५००. त्या प्रमाणात वाटले तर मोठ्या घराचा कर ८० वरून ३२ वर येतो, आणि उरलेले ४८ त्या नऊ घरांवर बसतात, प्रत्येकी पाचाच्या वर.

आत्याचा फोन आला. म्हणाली, "मी तो बावीस जणांना पाठवलाय रे. आता काय करू?" म्हटलं, त्याच बावीस जणांना वहीतल्या उजव्या बाजूचा फोटो पाठव.