पगार मायनसमध्ये गेला म्हणून पुढच्या महिन्यात वाटेल तेवढं कापता येत नाही

“कामगाराचा पगार कपातीनंतर मायनसमध्ये गेला की स्लिपवर शून्य दाखवायचा. पगारच शून्य म्हटल्यावर त्या महिन्याचा पीएफ-ईएसआय नाही. सोसायटीचा हप्ता मात्र पूर्णच कापायचा. जेवढे मायनस तेवढे पुढच्या पगारातून एकरकमी वळते करायचे, त्याला लिमिट नाही, कारण पैसे त्यानं आधीच घेतलेत. मधेच सोडून गेला तर ग्रॅच्युइटीतून कापायचे. सगळ्या एचआर ग्रुपवर पाठवा.”

एचआर ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधला सल्ला चुकीचा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत पगार मायनसमध्ये जायचा प्रसंग दर दोन-तीन महिन्यांनी कुणा ना कुणावर येतोच, त्यामुळे आकडे घेऊनच बोलू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १८,२०० रुपये, २६ दिवसांच्या हिशेबानं रोज ७००. इतर भत्ते नाहीत असं धरू. जानेवारीत हजेरी फक्त ८ दिवस भरली, म्हणजे कमावलेला पगार ५,६०० रुपये. सेवक पतसंस्थेचा हप्ता ३,५००, कंपनीकडून घेतलेल्या उचलीचा हप्ता २,००० आणि कॅन्टीन ६००. पीएफ १२ टक्क्यांनी ६७२ आणि ईएसआय पाऊण टक्क्यानं ४२. व्यवसाय कर शून्य, कारण महाराष्ट्रात पुरुष कामगाराला ७,५०० रुपयांपर्यंत तो लागत नाही आणि तो त्या महिन्याच्या पगारावर बघायचा असतो. सगळं वजा केलं की संगणक सांगतो: उणे १,२१४.

आता शून्याचं बघू. शून्य झाला आहे तो हाती पडणारा पगार. कमावलेला पगार ५,६०० आहे आणि पीएफ, ईएसआय त्यावरच बसतात. पीएफच्या ईसीआर फाइलमध्ये `GROSS_WAGES` आणि `EPF_WAGES` ला ५,६०० जायला हवेत आणि बिनपगारी दिवस `NCP_DAYS` मध्ये. तिथं शून्य भरलं तर कामगाराचे ६७२ आणि कंपनीचा तेवढाच हिस्सा दोन्ही बुडतात, आणि त्याच्या पेन्शनच्या नोंदीत तो महिना कोरा राहतो. दोन्ही भरण्यांची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. एकही दिवस हजेरी नसेल तरच वर्गणी खरोखर शून्य होते.

पीएफची यातली खरी मेख वेगळीच आहे आणि ती बऱ्याच पेरोलवाल्यांना ठाऊक नसते. पीएफ योजना १९५२ च्या परिच्छेद ३२ प्रमाणे कामगाराच्या हिश्शाची कपात त्याच काळाच्या पगारातून करायची असते. ती राहिली म्हणून नंतरच्या पगारातून घेता येत नाही. अपवाद दोनच: कामगारानं लेखी खोटी माहिती दिली असेल, किंवा नजरचुकीनं कपात राहिली असेल आणि निरीक्षकाची लेखी संमती घेतली असेल. ईएसआयलाही त्या काळाच्या पगाराबाहेर हात घालता येत नाही. मग कपातीचा क्रम उलटा लागला, म्हणजे सोसायटी, उचल, कॅन्टीन आधी आणि पीएफ शेवटी, तर काय होतं बघा. ५,६०० मधून या तिन्हींचेच ६,१०० वजा झाले, पगार तिथंच संपला आणि पीएफ-ईएसआयचे ७१४ पूर्णपणे त्या उणे १,२१४ मध्ये जाऊन बसले. ‘मागील बाकी’ म्हणून फेब्रुवारीत १,२१४ कापले की त्यातले ७१४ बेकायदा कापले. पैसे शेवटी कामगाराच्याच खात्यावर गेले हे उत्तर तिथं चालत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये कपातींना अग्रक्रम देताना पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, आयकर हे आधी, आणि पुढं ढकलता येतील अशा वसुल्या त्यांच्या मागं.

लिमिट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम १८ नं ते निम्म्यावर ठेवलं आहे: एका पगार-काळातल्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत, आणि पीएफसारख्या कायदेशीर कपातीही या निम्म्यातच मोजायच्या. आपल्या जिल्ह्यात गोंधळ होतो तो जुन्या कायद्यामुळे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात सहकारी संस्थेची कपात असेल तर मर्यादा ७५ टक्के होती. गल्लोगल्ली पतसंस्था असलेल्या कोल्हापुरात तीच आकडेवारी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. संहितेत सहकारासाठी वेगळी ७५ टक्क्यांची सवलत ठेवलेली नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ४९ मालकाला हप्ता कापून संस्थेकडे पाठवायला सांगतं हे खरं, पण ते सभासदानं लिहून दिलेल्या करारावर चालतं. पगारात नसलेले पैसे त्यानं निर्माण होत नाहीत.

ही मर्यादा जानेवारीला लावू. कमावलेल्या ५,६०० चं निम्मं २,८००. त्यातून कायदेशीर ७१४ गेले, वसुलीला उरले २,०८६. वसुली यायची होती ६,१००. म्हणजे कामगाराच्या हातात २,८०० रुपये पडायलाच हवेत आणि पुढं जाणारी रक्कम ४,०१४ आहे. संगणकानं दाखवलेले १,२१४ पुढं न्यायचा आकडा नाहीच. तो फक्त पगार कुठं संपला ते सांगतो. उणे आकडा दिसला की तो उचलून पुढच्या महिन्यात टाकायची सवय इथंच फसते. स्लिपवर शून्य निघाला तेव्हाच कामगाराचे २,८०० रुपये कमी दिलेले असतात.

२,०८६ कुणाला द्यायचे हा व्यवहाराचा प्रश्न आहे. पतसंस्थेला दिलेले बरे, कारण तिथं हप्ता चुकला की व्याज आणि दंडव्याज चढतं, तर कंपनीची उचल बहुधा बिनव्याजी असते आणि कॅन्टीनला महिनाभर थांबायला हरकत नसते. मग पुढं जातात पतसंस्थेचे १,४१४, उचलीचे २,००० आणि कॅन्टीनचे ६००. पतसंस्थेला अर्धवट हप्ता पाठवताना त्याच दिवशी नावनिशी यादी आणि बाकी कळवायची, म्हणजे कामगाराला वाटलं तर तो १,४१४ काउंटरवर रोख भरून दंडव्याज वाचवू शकतो. पुष्कळ कंपन्या इथं मोठ्या मनानं पूर्ण ३,५०० चा धनादेश पाठवून देतात. तसं केलं की कंपनीनं न विचारता कामगाराला नवी उचल दिली असं होतं, आणि तिचा कागद कुठंच नसतो.

आता फेब्रुवारी. हजेरी पूर्ण, पगार १८,२००. कंपनी १५,००० च्या मर्यादेवर पीएफ कापते असं धरलं तर १,८००, ईएसआय १३७ (पैसे आले की वरचा रुपया धरतात) आणि व्यवसाय कर फेब्रुवारीत ३००, एरवी २००. कायदेशीर कपात झाली २,२३७. निम्मं ९,१००, म्हणजे वसुलीला जागा ६,८६३. त्यातून चालू महिन्याचेच ६,१०० जायचे आहेत. बाकीसाठी उरतात ७६३. एकरकमी वळतं करायला गेलात तर त्या फसव्या १,२१४ नंसुद्धा मर्यादा ओलांडते, ४,०१४ तर लांबच. मार्चपासून जागा ८६३ होते. चालू हप्ते तसेच राहिले तर फेब्रुवारीत ७६३, मार्च, एप्रिल आणि मे मिळून २,५८९, आणि जूनमध्ये उरलेले ६६२. आठ दिवसांच्या हजेरीचा एक महिना निस्तरायला पाच महिने लागले. घाई असेल तर मार्ग एकच, उचलीचा चालू हप्ता लेखी ठरवून लहान करायचा, म्हणजे त्या जागेत बाकी बसते. केंद्राच्या २०२० च्या मसुदा नियमांतही हीच पद्धत होती: जादा रक्कम पुढच्या पगार-काळांत अशा हप्त्यांनी घ्यायची की कुठल्याही महिन्यात निम्म्यावर जाणार नाही.

हिशेब बरोबर असूनही नोंद चुकली की दुप्पट वसुली होते, आणि ती सहसा सहा महिन्यांनी कामगारच पकडतो. उचलीच्या खात्यात जानेवारीचा हप्ता वसूल झाला नाही म्हणून सॉफ्टवेअर शेवटी एक हप्ता वाढवतं, आणि त्याच वेळी ते २,००० ‘मागील बाकी’ या नावानंही पुढं चालतात. ओळखायची खूण सोपी: उचलीची मूळ रक्कम आणि आतापर्यंतच्या सगळ्या स्लिपांवरची उचल-कपात, अधिक मागील बाकीतला उचलीचा भाग, यांची बेरीज जुळते का ते बघायचं. त्यासाठी बाकी एकाच ढिगात न ठेवता पतसंस्था, उचल, कॅन्टीन अशी तीन खात्यांत ठेवावी. दुसरी चूक म्हणजे ही बाकी कपातीच्या रकान्यात न टाकता कमाईच्या रकान्यात उणे लिहिणं. हाती येणारा आकडा तोच दिसतो, पण फेब्रुवारीचा एकूण पगारच कमी होतो, त्यावरची वर्गणी आणि फॉर्म १६ मधलं उत्पन्नही घसरतं.

गैरहजेरी आजारपणाची असेल तर एक गोष्ट तपासून घ्यावी. ईएसआयच्या आजारपणाच्या लाभात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, आणि ते पैसे ईएसआय महामंडळाकडून थेट कामगाराला जातात. त्या रकमेवर जप्ती येत नाही, म्हणून ती कंपनीच्या वसुलीच्या हिशेबात धरायची नाही.

ग्रॅच्युइटीचं थोडक्यात. तिला जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे आणि ती रोखायची कारणंही कायद्यानंच मोजून दिली आहेत. उचलीची बाकी त्यांत नाही. पीएफलाही हात लावता येत नाही. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो, त्यामुळे शेवटच्या हिशेबात मर्यादेत बसेल तेवढं घ्यायचं आणि उरलेल्या रकमेचं खातेनिहाय पत्र कामगाराच्या हातात द्यायचं. ते साधं येणं आहे, मागून किंवा दाव्यानं मिळवायचं. पतसंस्थेचं कर्ज तर कंपनीचं येणं नसतंच. ते संस्था आणि तिचे जामीनदार बघतील.